शेडिंगच्या स्लाइड्स करतेय, पण चेंडू चपटाच दिसतोय

चाफेकळी

नमस्कार मंडळी. गोरेगावला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी काही मुलं आणि त्यांच्या आया चित्रं काढायला जमतात. शिकवणारी मीच, पण मी काही आर्ट स्कूलची नाही, हौशी आहे. सगळे घरी गेले की पायऱ्या विसरतात. म्हणून इन्स्टावर एकामागून एक सरकवत बघता येतील अशा स्लाइड्स करतेय. एका स्लाइडवर एकच पायरी. साहित्य कुणाच्याही घरात असेल असंच ठेवलंय: एक २बी पेन्सिल, खोडरबर, कार्ट्रिज कागद, टेबललॅम्प आणि रबरी चेंडू. चेंडूवर पांढरा खडू घासून घेतलाय.

माझा क्रम असा आहे. पहिल्या स्लाइडवर नुसता गोल, दुसरीवर उजेड कुठून येतो त्याचा बाण. तिसरीवर डावीकडून उजवीकडे हळूहळू गडद होत जाणारी छटा. चौथीवर उजवी कड सगळ्यात गडद. पाचवीवर टेबलावरची सावली, सहावीवर बोटाने घासून सगळं गुळगुळीत आणि सातवीवर खोडरबरने चमक काढलेली.

पायऱ्या सगळ्या पाळल्यात, तरी चेंडू फुगत नाही. कागदावर चपटा बसून राहतो. क्रमात काही चुकतंय का? की सात स्लाइड्स कमी पडतायत?

आठ_सतराची_विरार

उजव्या कडेला एवढं गडद केलंत म्हणजे चेंडूला काजळ घातलंत. दृष्ट लागणार नाही हे नक्की.

पेन्सिलबहाद्दर

दोन गोष्टी. एक, एका २बीवर शेडिंग होत नसतं. एचबी, २बी, ४बी, ६बी, ८बी असा सेट घ्या, प्रत्येक छटेला वेगळी पेन्सिल. दोन, कडेला गडद करायचंच नसतं. टेबलावरून आपटून आलेला उजेड तिथे असतो, त्यामुळे ती कड पांढरी सोडायची. पांढरी कड सोडलीत की चेंडू लगेच उठून दिसेल. मी यूट्यूबवर बघून असंच करतो, लोक विचारतात फोटो आहे का म्हणून.

सईची_आई

छान धागा. माझी मुलगी सातवीत आहे, यंदा एलिमेंटरीला बसतेय. वस्तुचित्रात शेडिंगला किती मार्क असतात? आणि बाटली येते की तांब्या येतो?

निवांत_नाना

सईची आई, ते शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा. इथे अजून चेंडूच पास झालेला नाही.

गिरणगावकर

मी शाळेत कलाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. चाफेकळीताई, स्लाइड्स सात पुरेशा आहेत. गडबड तिसऱ्या स्लाइडपासून आहे.

डावीकडून उजवीकडे सारख्या वेगाने गडद होत जाणारी छटा चेंडूवर नसतेच. दिवा लावा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि डोळे किलकिले करून चेंडूकडे बघा. बारीकसारीक छटा विरघळतील आणि दोनच भाग उरतील, उजेडातला आणि सावलीतला. त्यांच्यामधली हद्द चेंडूच्या अंगावरून वाकत जाते. दिवा डावीकडे वर असेल तर ती तिरकी असते, वरच्या उजव्या बाजूने निघून खालच्या डाव्या बाजूकडे उतरते, आणि तिचा फुगवटा खाली उजवीकडे असतो. नवखा माणूस ही हद्द सरळ उभी काढतो. चेंडू चपटा होतो तो तिथेच.

म्हणून गोल काढल्यावर पहिलं काम ही हद्द, अगदी हलक्या रेषेने. मग सावलीचा सगळा भाग एकाच मध्यम छटेने भरायचा. सपाट, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. त्याच हाताने टेबलावरची पडछायाही त्याच छटेने भरायची. दोन्हीकडे दिव्याचा थेट उजेड पोहोचत नाही, त्यामुळे ती एकाच घरातली माणसं आहेत. ताईंनी पडछाया पाचव्या स्लाइडपर्यंत लांबवली आहे. तोवर चेंडू हवेत तरंगत राहतो आणि बाकीच्या छटा कशाशी ताडून बघायच्या तेच कळत नाही.

इथे हात थांबवून चित्र दूर ठेवून बघा. कागदावर पांढरा आणि एकच करडा, एवढंच आहे. तरीही चेंडू गोल वाटायला हवा. वाटत नसेल तर हद्द चुकली आहे. पुढे कितीही घासलंत तरी ती चूक भरून निघत नाही.

यानंतर सगळ्यात गडद पट्टा. तो कडेला नसतो, हद्दीला लागून सावलीच्या बाजूला असतो. कारण साधं आहे. कडेजवळचा खालचा भाग टेबलाकडे तोंड करून असतो, त्याला टेबलावरून थोडा उजेड मिळतो. हद्दीजवळच्या पट्ट्याला दिव्याचा उजेड संपलेला असतो आणि टेबलाचाही नीट मिळत नाही. पट्टा झाला की त्याच्यापासून उजेडाकडे जाताना मधल्या छटा द्यायच्या. ताई जे तिसऱ्या स्लाइडवर करतायत ते खरं इथे, पाचव्या पायरीला यायला हवं. सगळ्यात शेवटी चेंडू टेबलाला टेकतो तिथली बारीक फट सगळ्यात काळी करायची.

आठ_सतराची_विरार

सर, "सगळ्यात गडद" दोनदा आलं. पट्टा आणि फट. पेपर तपासताना तुम्ही आम्हाला यावर लाल रेघ मारली असती.

गिरणगावकर

मारली असती, खरं आहे. चेंडूच्या अंगावर सगळ्यात गडद तो पट्टा. अख्ख्या चित्रात सगळ्यात गडद ती फट, कारण तिथे कुठूनच उजेड शिरत नाही. फट मात्र तांदळाच्या दाण्याएवढीच ठेवा. जाड केलीत की चेंडूखाली उंदीर बसल्यासारखं दिसतं.

पेन्सिलबहाद्दर

म्हणजे कडेला परावर्तित प्रकाश असतो हे मी म्हटलं ते बरोबरच निघालं की.

गिरणगावकर

असतो हे बरोबर, पांढरा सोडायचा हे चूक. तो उजेड सावलीच्या आतला आहे. कितीही उठून दिसला तरी उजेडातल्या बाजूच्या सगळ्यात गडद मधल्या छटेपेक्षा तो गडदच असतो, निदान असल्या एका दिव्याच्या मांडणीत. आपला डोळा फसतो, कारण त्याच्या शेजारी तो काळा पट्टा असतो आणि त्याच्या संगतीत करडाही पांढरा वाटतो. पांढरी कड सोडलीत तर चेंडू उठून दिसतो खरा, पण पत्र्याचा वाटतो.

पटत नसेल तर असं करा. कागदाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. एक भोक खालच्या कडेवरच्या त्या उजेडावर धरा, दुसरं उजेडाच्या बाजूला हद्दीच्या जरा अलीकडे. चित्रावर ठेवा किंवा खऱ्या चेंडूसमोर एक डोळा मिटून धरा. आजूबाजूचं झाकलं गेलं की कोणती छटा गडद ते सांगायला गुरू लागत नाही.

पेन्सिलबहाद्दर

करून बघितलं. चेंडू नव्हता, मोसंबं घेतलं. कडेचा उजेड खरंच काळपट निघाला. पण माझी चित्रं लोकांना आवडतात हेही तितकंच खरं.

निवांत_नाना

पत्र्याची मोसंबी सध्या ट्रेंडिंग असतील.

चाफेकळी

सर, तुमचं वाचून लगेच दिवा लावून बसले. पण मला हद्द एक नाही, दोन दिसतात. मधे एक फिकट पट्टा आणि टेबलावर सावल्याही दोन. एक गडद आणि एक पुसट.

कोन_आणि_काटकोन

मी आर्किटेक्ट, सावल्या काढण्यात हयात गेली. चाफेकळी, तुमच्या खोलीत दुसरा उजेड आहे. ट्यूब बंद केली असलीत तरी पॅसेजमधली चालू असेल, किंवा खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा उजेड येत असेल. मुंबईत रात्रीसुद्धा खोली पूर्ण अंधारी होत नाही हो. पडदा ओढा. तरी दुसरी सावली राहिली तर चेंडू आणि दिवा खिडकीपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात न्या. टेबलावर एकच सावली दिसेपर्यंत पेन्सिल हातात घेऊ नका. तुमच्या दुसऱ्या स्लाइडवर नुसता बाण आहे. तिथे बाणाऐवजी एक सावली आणि दोन सावल्या असे दोन फोटो शेजारीशेजारी टाका, त्याचा जास्त उपयोग होईल.

पडछायेबद्दल थोडं. तिची कड सगळीकडे सारखी नसते. चेंडूजवळ ती धारदार असते आणि लांब जाईल तशी विस्कटत जाते, कारण दिवा म्हणजे काही टोकदार बिंदू नाही, त्याला रुंदी असते. शेडवाल्या टेबललॅम्पची कड लवकर विस्कटते. मोबाइलचा टॉर्च लावलात तर सावली लांबपर्यंत धारदार राहील, आणि मग "सावलीची कड मऊ करा" ही तुमची स्लाइड मुलांना खोटी वाटेल.

आणि सातवी स्लाइड तर काढूनच टाका. खडू घासलेल्या चेंडूला चमक कुठून येणार? चमकेचा ठिपका गुळगुळीत पृष्ठभागावर येतो. तुमच्या चेंडूवर उजेडाकडे नुसता रुंद पांढरा भाग असेल, कड नसलेला.

चाफेकळी

अरे हो! चेंडूकडे बघितलंच नाही, सवयीने ठिपका काढला. चमक ठेवायची असेल तर खडू पुसावा लागेल, मग चेंडूचा लाल रंग मधे येणार.

गिरणगावकर

खडू राहू द्या. जे.जे.मध्ये प्लास्टरच्या पांढऱ्या पुतळ्यांवरून अभ्यास करायची जुनी पद्धत आहे ती याचसाठी. रंग नाही, चमक नाही, फक्त उजेड आणि सावली. तुमचा चेंडू म्हणजे गरिबाचं प्लास्टर.

शुद्ध_शाकाहारी

सगळीकडे अंडं काढायला सांगतात, इथे चेंडू आहे हे बघून बरं वाटलं. आमच्याकडे थर्माकोलचे गोळे आहेत, गणपतीच्या मखराचे उरलेले. ते चालतील का?

कोन_आणि_काटकोन

चालवता येतील, पण थर्माकोलमधून थोडा उजेड आरपार जातो. त्यामुळे सावलीची बाजू आतून उजळते आणि हद्दीजवळचा गडद पट्टा पुसट होतो. टेबल टेनिसच्या बॉलचं तर त्याहून जास्त. नवख्याला जो पट्टा दाखवायचा आहे तोच गायब. थर्माकोलवर पांढऱ्या पोस्टर कलरचे दोन हात मारा, मग बरा होईल.

अक्षरवेडी_अमृता

मी पोस्ट डिझाइन करते, म्हणून कागदाच्या बाहेरचं सांगते. सगळ्यांचं ऐकून सुंदर चित्र काढलंत आणि फोटो वाईट आला तर सातही स्लाइड्स राखाडी दिसतील. पांढरा कागद फ्रेमभर असला की मोबाइल त्याला करडा करून टाकतो. एक फोटो पिवळट, दुसरा निळसर असंही होतं आणि बघणाऱ्याला वाटतं छटा बदलली. स्क्रीनवर कागदाच्या जागी बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर लॉक होईल, मग ते वर सरकवा. कागद पांढरा दिसायला हवा, पण सगळ्यात फिकट छटा उडता कामा नये. फ्लॅश अजिबात नको. शिसं चमकतं आणि नेमका गडद पट्टाच फोटोत उजळ येतो. उजेड खिडकीतून बाजूने घ्या.

दुसरं, एकच चित्र पुढे नेत दर पायरीला फोटो काढू नका. पाचव्या पायरीला चुकलं की पहिल्या चारही गेल्या. गोल आणि हद्द खिडकीच्या काचेवर कागद धरून सात कागदांवर उतरवून घ्या. पहिला कागद पहिल्या पायरीवर थांबवा, दुसरा दुसऱ्या, असं करत जा. मग सातही फोटो एकाच जागी, एकाच बैठकीत काढा. १०८० बाय १३५० चा उभा आकार घ्या आणि चेंडू दर स्लाइडवर त्याच जागी ठेवा. बोट सरकवल्यावर चेंडू जागचा हलला नाही आणि फक्त छटा वाढली, तर लिहिण्याची गरजच कमी होते.

पेन्सिलबहाद्दर

आणि एका पेन्सिलीचं काय? त्यावर कोणी बोललं नाही.

गिरणगावकर

बोलतो. सेट वाईट नाही, पण नवखा माणूस पाच पेन्सिली हातात आल्या की छटेऐवजी पेन्सिल निवडत बसतो, आणि प्रत्येक पेन्सिलीचा पट्टा वेगळा दिसायला लागतो. एका २बीने सपाट मध्यम छटेवर तिरक्या रेघांचे थर देत जा. प्रत्येक थराची दिशा थोडी बदला, जोर बदलू नका. जोर दिलात की कागदाचे दाणे चेपतात, तिथे चकाकी येते आणि वरचा थर बसत नाही. हे ओळखायचं सोपं: कागद तिरका धरा, जिथे लकाकतंय तिथे हात जड पडला. ६बी असेलच तर फक्त त्या फटीसाठी वापरा.

पेन्सिलबहाद्दर

मला नाही पटत. २बीने किती थर दिले तरी फोटोत काळं येत नाही. दुरून बघायच्या चित्राला ६बी लागतेच.

अक्षरवेडी_अमृता

फोटोच्या बाबतीत त्यांचं थोडं बरोबर आहे, सर. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर २बीचा पट्टा मवाळ वाटतो. पण एका पेन्सिलीत बसवायचं ही चाफेकळीची अट आहे, तर पहिल्या स्लाइडवर सांगून टाकावं की इथला काळा म्हणजे इतकाच काळा.

गिरगावची_पोर

बोटाने घासायच्या सहाव्या स्लाइडला माझा विरोध. बोटाचा तेलकटपणा कागदाला लागतो, मग तिथे डाग उठतात आणि ते खोडताही येत नाहीत. पावसाळ्यात तर विचारू नका. आमच्या जुन्या चाळीत जुलैत कागद इतका दमट असतो की खोडरबर फिरवला की धागे निघतात आणि पेन्सिल चर पाडते. मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवते आणि बसण्याआधी दिव्याजवळ थोडा वेळ धरते. घासायचंच असेल तर टिश्यूने, तेही फक्त पडछायेच्या लांबच्या टोकाला. चेंडूवर नको.

गिरणगावकर

पोरी, तंतोतंत. घासून गुळगुळीत केलं की मुलाला वाटतं झालं, आणि हद्द कुठे होती ते हरवतं. रेघा दिसल्या तरी बिघडत नाही. त्या गोलाईच्या दिशेने वळवल्या तर उलट मदतच होते.

चाफेकळी

सगळ्यांचं वाचून नवा क्रम मांडतेय. पहिलीवर चेंडूचा फोटो आणि शेजारी पूर्ण चित्र. दुसरीवर एक सावली आणि दोन सावल्यांचे फोटो. तिसरीवर गोल आणि तिरकी हद्द. चौथीवर सपाट करडी सावली आणि पडछाया, सोबत "इथे थांबा, दूर ठेवून बघा" एवढंच वाक्य. पाचवीवर गडद पट्टा. सहावीवर उजेडाकडच्या मधल्या छटा. सातवीवर पडछायेची कड आणि ती फट.

काल रात्री चौथीपर्यंत काढून भिंतीला टेकवून ठेवलं. नुसत्या दोन छटांत चेंडू खरंच गोल दिसला. यजमानांनी विचारलं, अर्धवट का सोडलंस.

कोन_आणि_काटकोन

पाचवी आणि सहावी एक करा. पट्टा आणि त्यातून निघणाऱ्या मधल्या छटा हाताने एकत्रच होतात, तोडून दाखवल्या तर पट्टा चिकटवल्यासारखा येतो.

गिरणगावकर

नको. वेगळ्याच ठेवा. एकत्र दाखवलं की मुलं पुन्हा डावीकडून उजवीकडे रंगवत सुटतात. पट्टा थोडा चिकटवल्यासारखा दिसला तर दिसू दे, पुढच्या स्लाइडवर विरघळतोच.

कोन_आणि_काटकोन

मी तरी एकच ठेवीन. वाचलेल्या स्लाइडवर छटांची पट्टी टाकता येईल, पाच चौकोन पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत.

निवांत_नाना

पाच चौकोन भरायला लावलेत तर अर्धी मुलं तिथूनच खेळायला पळतील. मी लहानपणी पळालो होतो.

सईची_आई

माझा आधीचा प्रश्न राहू द्या. सईने हा धागा वाचला आणि लिंबू घेऊन बसलीय. चौथ्या पायरीपर्यंत मस्त जमलं, पण पुढे लिंबू दगडासारखं दिसायला लागलं. खडू लावू देत नाही, म्हणते लिंबूच काढायचंय.

गिरणगावकर

लावू नका, लिंबूच काढू दे. पिवळा रंग पांढऱ्यापेक्षा थोडा गडद, म्हणून उजेडातला भागही कोरा सोडायचा नाही, अगदी फिकट छटा हवी. साल चकचकीत आहे, तेव्हा इथे चमकेचा ठिपका खरोखर असतो, तो कोरा ठेवायचा. कोन_आणि_काटकोन यांनी काढून टाकलेली सातवी स्लाइड इथे कामाला आली. दगड वाटतो तो बहुतेक सालीच्या ठिपक्यांमुळे. खडबडीतपणा सगळीकडे सारखा दिसत नाही. उजेड जिथे सालीला घासून जातो, म्हणजे हद्दीच्या आसपास, तिथेच तो उठतो. भर उजेडात आणि आतल्या सावलीत जवळपास नाहीच. तिला सांगा, ठिपके हद्दीजवळच्या बोटभर पट्टीत काढ, बाकी ठिकाणी एकही नको.

सईची_आई

सगळीकडे काढून झालेत सर. आता खोडतेय आणि मला ओरडतेय.